बाल्कनीतल्या बागेचे वेळापत्रक : पाणी, खत आणि छाटणी

बाल्कनीत सहा कुंड्या असतील तर बहुतेक घरांत सहाही कुंड्यांना एकाच वेळी, एकाच मगाने, रोज सारखेच पाणी घातले जाते. त्यात पुदिना सुकत राहतो आणि कोरफड कुजते. दोन्हींना 'पाणी नीट घातले नाही' हे एकच कारण सांगितले जाते, पण दोघांच्या बाबतीत त्याचा अर्थ उलटा असतो. या टिपणात आपण बेंगळुरूतल्या एका पूर्वाभिमुख बाल्कनीचे उदाहरण घेऊन सहा वेगवेगळ्या रोपांसाठी एकच चालू शकणारे वेळापत्रक कसे तयार करायचे ते पाहू. रोपे ही : पसरट ट्रेमधला पुदिना, आठ इंची कुंडीतली तुळस, बारा इंची कुंड्यांत जास्वंद आणि मोगरा, चौदा इंची कुंडीत कढीपत्ता, आणि एका लहान मातीच्या कुंडीत कोरफड. तुमच्याकडची रोपे आणि शहर वेगळे असेल. आकडे बदलतील, पण ते काढायची रीत तीच राहील.

आधी ऊन, मग पाणी

वेळापत्रकात 'उन्हाळ्यात रोज, हिवाळ्यात आठवड्यातून दोनदा' असे लिहिलेले असते. बाल्कनीसाठी ही वाटणी अपुरी आहे. बाल्कनीवर वरच्या मजल्याचा स्लॅब असतो, त्यामुळे सूर्य आकाशात किती वर आहे यापेक्षा तो कोणत्या बाजूने आत डोकावतो हे महत्त्वाचे ठरते.

बेंगळुरू साधारण १३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे २४ एप्रिल आणि १८ ऑगस्टच्या सुमारास भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, म्हणजेच तो शून्य सावलीचा दिवस असतो. या दोन तारखांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. त्यामुळे दक्षिणाभिमुख बाल्कनीत मे-जूनमध्ये थेट ऊन जवळजवळ शिरतच नाही. उलट डिसेंबरात दुपारचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ५३ अंशांवर, दक्षिणेला असतो आणि ऊन बाल्कनीत खोलवर येते. म्हणजे दक्षिणेच्या बाल्कनीत उन्हाचा खरा मोसम ऑक्टोबर ते फेब्रुवारी आहे. हिवाळा आहे म्हणून तिथे पाणी निम्म्यावर आणले तर रोपे जानेवारीत माना टाकतात.

पूर्वेच्या बाल्कनीला वर्षभर सकाळचे ऊन मिळते, त्यामुळे आपले उदाहरण सोपे आहे. तिथे फरक पडतो तो हवेमुळे. बेंगळुरूत फेब्रुवारीपासून हवा कोरडी होते, एप्रिलमध्ये कमाल तापमान ३४ अंशांच्या आसपास जाते आणि मग पाऊस सुरू झाला की शहर एकदम थंडावते. जून ते ऑगस्ट ढगाळ आणि वाऱ्याचे असतात, आणि डिसेंबर सौम्य असतो. पाण्याच्या दृष्टीने या शहरात दोनच ऋतू मानावेत : फेब्रुवारी ते मेचा मध्य हा तापलेला काळ, आणि उरलेले वर्ष हा निवलेला काळ. सर्वांत जास्त रोपे मरतात ती या दोहोंच्या सांध्यावर, मे महिन्यात. वळवाचे दोन पाऊस पडून हवा ओलसर झालेली असते, कुंडीतले पाणी उडण्याचा वेग निम्म्यावर आलेला असतो, आणि हात मात्र एप्रिलच्याच सवयीने मग ओतत राहतो.

कुंडी म्हणजे पाण्याची टाकी

आता मुख्य गोष्ट. कुंडीकडे एक छोटी टाकी म्हणून पाहा. टाकीत किती मावते, त्यातले रोपाला वापरता येईल असे किती, आणि रोज किती खर्च होते, हे तीन आकडे कळले की पाण्याचे अंतर गणिताने निघते. हे आकडे काढायला प्रवासी बॅग तोलायचा हुकाचा काटा पुरतो. जड कुंडी असेल तर माणसांचे वजन करायचा साधा काटा चालतो.

जास्वंदीचे उदाहरण पूर्ण करून पाहू. संध्याकाळी कुंडीला भरपूर पाणी द्या, खालून निथळणे थांबेपर्यंत अर्धा-पाऊण तास थांबा आणि वजन करा. समजा ते १३.४ किलो आले. मग पाणी बंद ठेवा आणि रोज ठरावीक वेळी वजन लिहून ठेवा. कोवळी पाने सकाळच्या गारव्यातही किंचित मलूल दिसू लागली की ते शेवटचे वजन, समजा १०.२ किलो. लगेच पाणी द्या, एवढ्याने जास्वंदीचे काही बिघडत नाही. दोन्ही वजनांतला फरक ३.२ किलो, म्हणजे रोपाला वापरता येणारे पाणी ३.२ लिटर. ते संपेपर्यंत थांबायचे नसते. बहुतेक झाडांच्या बाबतीत निम्मे खर्च झाले की पाणी द्यावे, म्हणजे इथे १.६ लिटर. वहीतल्या नोंदींवरून एप्रिलमधली रोजची घट ०.७५ लिटर निघाली, तर

अंतर = (वापरता येणारे पाणी × खर्च होऊ द्यायचा वाटा) ÷ रोजची घट = (३.२ × ०.५) ÷ ०.७५ = सुमारे २.१ दिवस.

हीच कुंडी डिसेंबरात रोज ०.४ लिटर गमावते. अंतर होते ४ दिवस.

दुपारी दोन वाजता मान टाकलेली जास्वंद पाहून हे मोजमाप करू नका. कडक उन्हात मुळांना पाने भागवता येत नाहीत, म्हणून ओल्या मातीतही पाने लोंबतात आणि संध्याकाळी आपोआप सावरतात. सकाळी मलूल असेल तरच ती खरी तहान.

सहाही कुंड्यांचे असे आकडे काढले की अंतरे १.२ दिवस, २.२, २.१, २.५, ४.४ आणि १५ अशी वेडीवाकडी येतात. त्यांचे सहा वेगळे वेळापत्रक कोणी पाळणार नाही. म्हणून ती १, २, ४, ८ अशा पटीतल्या अंतरांवर आणायची. मग दोन दिवसांच्या कुंड्यांचा दर दुसरा फेरा चार दिवसांच्या कुंड्यांशी जुळतो, आणि आज कोणाला पाणी द्यायचे हे भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने केलेल्या तीन-चार खुणांतून कळते. आकडा खाली आणायचा की वर न्यायचा, हे रोपाला कशाची भीती आहे त्यावर ठरते. पुदिन्याला, जास्वंदीला कोरडे पडण्याची भीती, म्हणून २.५ चे २ करायचे. कोरफडीला ओलाव्याची भीती, म्हणून १५ चे १६. तिच्या बाबतीत वापरता येणारे सगळे पाणी संपू द्यायचे, तिचा साठा पानांत असतो. पुदिन्याच्या बाबतीत मात्र निम्म्याऐवजी दोन-पंचमांशच खर्च होऊ द्यावा.

आपल्या उदाहरणातल्या बाल्कनीचा तक्ता असा होतो :

| रोप | खर्च होऊ द्यायचे पाणी (लिटर) | एप्रिलमधली रोजची घट (लिटर) | एप्रिलमधले अंतर | डिसेंबरातले अंतर |
|---|---|---|---|---|
| पुदिना | ०.४८ | ०.४० | रोज | २ दिवस |
| तुळस | ०.५५ | ०.२५ | २ दिवस | ४ दिवस |
| जास्वंद | १.६ | ०.७५ | २ दिवस | ४ दिवस |
| मोगरा | १.५ | ०.६० | २ दिवस | ४ दिवस |
| कढीपत्ता | २.२ | ०.५० | ४ दिवस | ८ दिवस |
| कोरफड | ०.९ | ०.०६ | १६ दिवस | २४ दिवस |

हे आकडे म्हणजे एका बाल्कनीचे उदाहरण आहे, ते तसेच्या तसे उचलू नयेत. शेजारच्याच घरात मातीचे मिश्रण वेगळे, रोपाचा घेर वेगळा, म्हणून घटही वेगळी. शिवाय कॅलेंडरवरची खूण म्हणजे त्या दिवशी कुंडी तपासायची, एवढाच तिचा अर्थ. पाणी द्यायचे की नाही हे कुंडीचे वजन ठरवते. दोन आठवडे काटा वापरला की हातालाच अंदाज येतो : कुंडीची कड एका हाताने किंचित उचलून पाहिली तरी भरलेली आणि रिकामी यांतला फरक कळतो. मातीत बोट खुपसून पाहणे लहान कुंडीत ठीक आहे. बारा इंची कुंडीत बोट फक्त वरच्या दोन इंचांची बातमी देते.

तक्त्यातली एप्रिलची रोजची घट एकत्र करा. बेरीज येते सुमारे २.६ लिटर, म्हणजे संपूर्ण बागेला आठवड्याला साधारण एक मोठी बादली. मार्च २०२४ मध्ये पाणीटंचाईमुळे बेंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याचे पाणी बागेला, गाड्या धुवायला आणि बांधकामाला वापरण्यावर बंदी घातली आणि ५,००० रुपये दंड ठेवला. तेव्हा अनेकांनी कुंड्या देऊन टाकल्या. पण मोजून दिले तर एवढ्या बागेला तांदूळ-डाळ धुतलेले आणि भाजी धुतलेले पाणीच बहुतांशी पुरते. अट एवढीच की त्यात मीठ किंवा साबण नसावा.

द्यायचे कसे

जेवढी तूट तेवढे पाणी, वर एखादा दशांश जास्त. जास्वंदीची तूट १.६ लिटर असेल तर पावणेदोन लिटर द्या. खालच्या बशीत थोडे निथळले की कुंडीचा तळ ओला झाला असे समजावे आणि बशी अर्ध्या तासात रिकामी करावी. रोज अर्धा पेला घातल्याने फक्त वरचा थर ओला होतो, मुळे वर वर पसरतात आणि तळाची माती कोरडीच राहते.

निथळणे ही खूण एका प्रसंगी फसवते. आजकाल मिश्रणात कोकोपीट बरेच असते. ते एकदा खडखडीत सुकले की पाणी धरत नाही आणि आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटते. मग वरून ओतलेले पाणी कडेच्या फटीतून सरळ बशीत उतरते. बशी भरलेली दिसते, आपण समाधानाने आत जातो, आणि रोप मात्र तहानलेले राहते. काट्यावर हे लगेच पकडता येते : पावणेदोन लिटर ओतूनही वजन जेमतेम दोन-तीनशे ग्रॅम वाढलेले असते. उपाय म्हणजे कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात बसवणे, म्हणजे पाणी खालून चढते.

आता उलट बाजू. कुंडीत सगळे पाणी निथळून गेले असे वाटते तेव्हाही तळाशी काही सेंटिमीटरचा थर पूर्ण ओला राहतो. हे घरी पाहता येते. भांडी घासायचा आयताकृती स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरा. ठिबकणे थांबले की तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी गळू लागेल. स्पंज तोच, पाणी तेच, फक्त उंची वाढली. मातीच्या बारीक पोकळ्या पाणी धरून ठेवतात आणि तळाशी ती ओढ गुरुत्वाकर्षणावर मात करते. म्हणून एकाच मिश्रणाच्या उथळ कुंडीत ओला थर उंचीच्या मानाने मोठा वाटा व्यापतो, आणि उंच कुंडीत लहान. पुदिन्याला पसरट ट्रे मानवतो आणि कोरफडीला तो मारक ठरतो, तो यामुळेच. याच कारणाने तळाशी खडे किंवा विटांचे तुकडे घालायची सर्वत्र दिसणारी पद्धत निचरा सुधारत नाही. बारीक मातीतले पाणी खड्यांच्या मोठ्या पोकळीत सहज उतरत नाही, आणि ओला थर खड्यांच्या वर, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर मातीच्या कुंडीची एक खापरी, माती वाहून जाऊ नये म्हणून, एवढे पुरे. निचरा हवा असेल तर संपूर्ण मिश्रणातच जाडी वाळू किंवा परलाइट मिसळावे.

पाणी जास्त झाल्याची आणि कमी पडल्याची पहिली खूण एकच असते, मलूल पाने. मुळे कुजली की तीही पाणी ओढू शकत नाहीत. फरक वजनात आहे. मलूल रोप आणि हलकी कुंडी म्हणजे पाणी द्या. मलूल रोप आणि जड कुंडी म्हणजे पाणी थांबवा, कुंडी सावलीत हवेशीर ठेवा, आणि चार दिवसांत फरक पडला नाही तर रोप काढून मुळे पाहा. तपकिरी, बुळबुळीत आणि वास येणारी मुळे कापून टाकावी लागतात. मातीवरून चिलटांसारख्या बारीक काळ्या माश्या उडू लागल्या, तर वरचा थर सतत ओला राहतो आहे असे समजावे.

पाण्याबरोबर येणारे क्षार

बेंगळुरूत काही घरांना कावेरीचे पाणी मिळते, काहींना बोअरवेलचे, आणि बऱ्याच इमारतींत टाकीत दोन्ही मिसळलेले असते. बोअरवेलचे पाणी बहुधा जड असते. समजा त्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅम विरघळलेले क्षार आहेत. एप्रिलमध्ये जास्वंदीच्या कुंडीतून रोज ०.७५ लिटर पाणी हवेत जाते, क्षार मात्र मागे राहतात. महिन्याचा हिशेब : ०.५ × ०.७५ × ३० = सुमारे ११ ग्रॅम, म्हणजे चहाचे दोन चमचे. त्यातला काही भाग रोप वापरते, बाकीचा साठतो. मातीवर आणि कुंडीच्या कडेला दिसणारा पांढरा थर तो हाच. आरओ यंत्रातून बाहेर जाणाऱ्या पाण्यात क्षार आणखी दाट असतात. ते वापरायचेच असेल तर निम्मे साधे पाणी मिसळून, मोठ्या कुंड्यांना, आणि अधूनमधून.

साठलेले क्षार काढायचा मार्ग म्हणजे कुंडीतून भरपूर पाणी वाहू देणे. टंचाईच्या शहरात हे नळाच्या पाण्याने करण्यात अर्थ नाही. मे महिन्यात संध्याकाळी मोठी सर येते, किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरात येते, तेव्हा कुंड्या गच्चीवर नेऊन ठेवाव्यात. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. दोन-तीन मोठ्या सरी कुंडी चांगली धुऊन काढतात. कोरफड मात्र आतच राहू द्या.

खत : पाण्याच्या दिवशी, आणि वाढीच्या मागे

विरघळणारे रासायनिक खत म्हणजेही क्षारच. कोरड्या कुंडीत खताचे पाणी ओतले की मुळांभोवतीचे द्रावण दाट होते आणि मुळांना पाणी ओढणे अवघड जाते. परिणाम पानांच्या कडा करपण्यात दिसतो. म्हणून खत पाण्याच्या दिवशीच, आणि त्या दिवशीच्या पाण्यातूनच द्यायचे. जास्वंदीला १.६ लिटर द्यायचे असेल तर आधी ०.८ लिटर साधे पाणी द्या. दहा मिनिटांनी उरलेल्या ०.८ लिटरमध्ये १९:१९:१९ हे खत लिटरला एक ग्रॅम या प्रमाणात विरघळवून द्या. पाकिटावर याहून जास्त प्रमाण असते. कुंडीत थोडे आणि पुन्हा पुन्हा हे सुरक्षित पडते.

दर १६ दिवसांनी हे दिले की ते आपल्या २ आणि ४ दिवसांच्या फेऱ्यात आपोआप बसते. जास्वंद आणि मोगऱ्याला फेब्रुवारी ते ऑक्टोबर असे द्यावे. शिवाय महिन्यातून एकदा बारा इंची कुंडीला दोन मुठी गांडूळ खत वरच्या मातीत हलवून मिसळावे. तुळशीला आणि कढीपत्त्याला एवढे गांडूळ खत पुरते, तुळशीला एकच मूठ. पुदिना सतत कापला जातो म्हणून त्याला दर कापणीनंतर मूठभर. कोरफडीला वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या सुरुवातीला, बस. पेंड भिजवून केलेले खत चांगले असते, पण बाल्कनीत त्याचा वास आणि माश्या शेजाऱ्यांपर्यंत पोहोचतात, म्हणून ते अंगणातच ठीक. कढीपत्त्याला आंबट ताक घालायची आपल्याकडची रीतही चालू ठेवायला हरकत नाही, मात्र ते बिनमिठाचे आणि चांगले पातळ हवे, आणि त्याला गांडूळ खताचा पर्याय समजू नये.

पाने पिवळी पडली की लोक खत वाढवतात. आधी कुठली पाने पिवळी आहेत ते पाहा. खालची जुनी पाने सबंध पिवळी होत असतील तर नत्र कमी पडते आहे. रोप जुन्या पानांतले नत्र काढून नव्यांना पुरवते. तिथे खताचा उपयोग होतो. शेंड्याची नवी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा हिरव्या असतील तर ती बहुधा लोहाची कमतरता आहे. जड पाण्याने माती अल्कधर्मी होते, आणि तिच्यात लोह असूनही ते मुळांना घेता येत नाही. बोअरवेलच्या पाण्यावरच्या जास्वंदीत हे नेहमी दिसते. इथे १९:१९:१९ कितीही द्या, फरक पडणार नाही. चिलेटेड लोह पाकिटावरच्या प्रमाणात द्यावे आणि जमेल तेव्हा पावसाचे पाणी साठवून वापरावे.

छाटणीनंतर वेळापत्रक बदलते

पाणी, खत आणि छाटणी यांची तीन वेगळी वेळापत्रके करण्यात गडबड आहे, कारण छाटणीने इतर दोन्ही बदलतात. कुंडीतले बहुतेक पाणी पानांतून जाते. पाने निम्मी केली की रोजची घटही बरीच खाली येते.

जास्वंद पुन्हा घेऊ. तिला फुले नव्या फुटीवर येतात, म्हणून फेब्रुवारीच्या मध्यावर तिच्या फांद्या एक-तृतीयांश ते निम्म्यापर्यंत कमी कराव्यात. काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या अर्धा सेंटिमीटर वर, किंचित तिरपा. छाटण्याआधी घट रोज ०.६ लिटर होती, ती छाटल्यावर ०.३ झाली असे समजा. १.६ ला ०.३ ने भागले तर ५.३ दिवस, म्हणजे दोन दिवसांची कुंडी आता चार दिवसांच्या गटात गेली. छाटणीनंतरही दर दोन दिवसांनी भरपूर पाणी दिले तर माती सतत ओली राहते, आणि तीन आठवड्यांनी फूट येण्याऐवजी फांद्या काळ्या पडत जातात. मग 'छाटणी मानवली नाही' असे म्हटले जाते. छाटल्यावर पुन्हा तीन दिवस वजन घ्या. नवी पाने मोठी होऊ लागली की घट पुन्हा चढते, आणि एप्रिलपर्यंत कुंडी दोन दिवसांच्या गटात परत येते.

खतही छाटणीच्या दिवशी नको. घ्यायला पाने नसतात, आणि न घेतलेले खत क्षार म्हणून साठते. डोळे फुगून फूट सेंटिमीटरभर झाली की सुरू करावे, याला साधारण दोन-तीन आठवडे लागतात. त्या कोवळ्या फुटीवर पिठ्या ढेकूण, म्हणजे कापसासारखे पांढरे कीटक, येतात का ते पाहत राहावे. दोन-चार असतील तेव्हाच ओल्या फडक्याने पुसून काढले तर फवारणीची वेळ येत नाही.

मोगऱ्याचा क्रम याच तत्त्वावर, पण महिना वेगळा. बेंगळुरूत थंडी सौम्य असते, किमान तापमान १५-१६ अंश, त्यामुळे मोगरा स्वतःहून पूर्ण विश्रांती घेत नाही. ती द्यावी लागते. डिसेंबरच्या सुरुवातीला पाण्याचे अंतर चारवरून आठ दिवसांवर न्यावे. महिन्याच्या मध्यावर रोप जमिनीपासून दीड फुटावर छाटावे, उरलेली जुनी पाने काढून टाकावीत. जानेवारीत फूट आली की गांडूळ खत आणि चार दिवसांचे पाणी, फेब्रुवारीपासून दोन दिवसांचे. अशा रीतीने मार्चपासून कळ्या धरतात. बहर ओसरला की फुले आलेल्या फांदीचा शेंडा दोन पेरे खाली कापावा, पुढची फूट तिथूनच येते. उत्तरेकडे थंडी कडक असते, तिथे ही छाटणी जानेवारीअखेरपर्यंत लांबवतात, कारण कडाक्यात फुटलेली कोवळी पाने करपतात.

उरलेल्यांची छाटणी म्हणजे स्वयंपाकघराचीच कामे आहेत. कढीपत्ता अडीच फुटांचा झाला की शेंडा एकदाच कापावा, म्हणजे फांद्या फुटतात. नंतर सुटी पाने न ओरबाडता पूर्ण देठ खोडापासून काढावे. तुळशीची मंजिरी हिरवी असतानाच दर आठवड्याला खुडावी. बी धरू दिले की खोड लाकडासारखे होते आणि पाने कमी येतात. पुदिना मातीपासून दोन पेरे ठेवून कापावा, पण सगळा ट्रे एकदम नको, निम्मा आज आणि निम्मा आठ दिवसांनी. असे केले की त्याची पाण्याची गरज एकदम कोसळत नाही आणि रोजचा फेरा तसाच राहतो. कोरफडीला छाटणी नाही, बाजूची पिल्ले वर्षातून एकदा वेगळी करावीत.

दहा दिवस घर बंद असेल तर

सेमिस्टरच्या सुट्टीत हा प्रश्न येतोच. कढीपत्ता आणि कोरफड भरपूर पाणी देऊन सावलीत सरकवले की निवलेल्या काळात दहा दिवस काढतात. बाकीच्यांची घट आधी कमी करा : ऊन नसलेल्या, उजेडाच्या जागी एकमेकांना चिकटून ठेवा, फुले आणि कळ्या काढा, पुदिना पूर्ण कापा. मग वातीची सोय करा. जाड सुती दोरी भिजवून तिचे एक टोक मातीत तीन-चार इंच खोल पुरा आणि दुसरे पाण्याने भरलेल्या बादलीच्या तळाशी सोडा. बादलीतल्या पाण्याची पातळी मातीच्या पातळीच्या आसपास हवी. फार खाली असेल तर दोरी पाणी चढवत नाही, फार वर असेल तर कुंडी चिखल होते. एका दोरीने किती पाणी येते हे दोरीनुसार बदलते, म्हणून निघायच्या आठवडाभर आधी ती जोडून तीन दिवस कुंडीचे वजन घ्या. वजन रोज घटत असेल तर दुसरी दोरी जोडा, वाढत असेल तर पातळ दोरी लावा, आणि स्थिर राहिले तर बादलीतून रोज किती पाणी कमी होते ते पाहून दहा दिवसांना पुरेल एवढी बादली भरा. तीन-चार कुंड्यांना एकच बादली ठेवत असाल तर तिच्यावर झाकण ठेवा, म्हणजे पाणी हवेत उडत नाही आणि डासही होत नाहीत.